मुंजीची सोलकढी आणि फ्रिजमधला कोमट चव

सप्रेम नमस्कार. मे महिन्यात आमच्या घरी पुतण्याची मुंज झाली. साठ पानांच्या सोलकढीसाठी आदल्या रात्री नऊपर्यंत सोळा नारळ खवून एका मोठ्या डब्यात दाबून भरले आणि डबा फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी साडेसहाला त्यातल्या चौदा नारळांच्या चवाचा कोमट पाण्यात रस काढून पातेले झाकून ओट्यावर ठेवले. दुपारी एकला आगळ आणि वाटण घातले, तेव्हा रसाला आंबूस वास येत होता. सगळी कढी ओतून द्यावी लागली. उरलेला चव फ्रिजमध्येच होता, तो तिसऱ्या दिवशी कडेने गुलाबी झाला. सासूबाई म्हणाल्या, आमटीत उकळला की चालतो. माझे मन धजले नाही. आमचे काय चुकले? ओले खोबरे आणि नारळाचा रस उन्हाळ्यात किती वेळ टिकतो, आणि पुढच्या कार्याला काय करावे?
— एक वाचक, कुडाळ

ताई, कढी ओतून दिलीत हे योग्यच केले. चुका दोन झाल्या. ओट्यावरचे पातेले ही त्यांतली उघड दिसणारी चूक आहे, परंतु तिच्या आधी रात्रीच एक चूक होऊन गेली होती. चव तुम्ही फ्रिजमध्ये ठेवलात खरा, पण तो गार झालाच नाही.

अखंड नारळाच्या आतले खोबरे जवळजवळ निर्जंतुक असते. करवंटीला तडा गेलेला नसेल आणि डोळे शाबूत असतील, तर बाहेरचा जंतू आत शिरू शकत नाही. सोललेल्या नारळाची शेंडी बाजारात मुद्दाम ठेवतात ती यासाठीच, कारण तिच्याखालचा मऊ डोळा हाच आत जाण्याचा सोपा रस्ता असतो. नारळ वाढवला की हे संरक्षण संपते. ओल्या खोबऱ्यात जवळजवळ निम्मे पाणी, सुमारे एक तृतीयांश स्निग्धांश आणि थोडी साखर व प्रथिने असतात. आंबटपणा नावापुरताच असल्यामुळे जंतूंना अटकाव करील असे त्यात काही नसते. नारळाच्या वाटीचा निदान पृष्ठभाग तरी एकसंध असतो. खवल्यावर मात्र त्याच खोबऱ्याचे हजारो ओले कण होतात, आणि प्रत्येक कणाला खवणीचे पाते, आपली बोटे, परात आणि हवा यांचा स्पर्श झालेला असतो. म्हणून वाटी फ्रिजमध्ये जितकी टिकते तितका चव टिकत नाही, आणि चव टिकतो तितका रस टिकत नाही.

आता तुमच्या डब्याकडे वळू. खवलेले खोबरे हे उष्णता अडवून धरणारे द्रव्य आहे. त्यात स्निग्धांश भरपूर असतो, कणांच्या फटीत हवा अडकलेली असते, आणि मे महिन्याच्या रात्री तुमच्या स्वयंपाकघरात तो चव तीस अंशांच्या आसपास असणार. अशा सोळा नारळांचा चव एका डब्यात दाबून भरला, तर कडेचा दोन बोटांचा थर तास-दोन तासांत गार होतो, पण मधला गाभा कित्येक तास कोमटच राहतो. हे मी स्वतः करून पाहिले आहे. आमच्याकडच्या एका केळवणाच्या आदल्या दिवशी मी आठ नारळांचा चव स्टीलच्या उभ्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवला होता. चार तासांनी डबा बाहेरून चांगला गार लागत होता, म्हणून मी निश्चिंत होते. लांब दांड्याचा डाव आत खुपसून मधला चव वर काढला आणि तळहातावर घेतला, तर त्यात अजून ऊब होती. शिवाय मुंजीच्या घरी फ्रिजचे दार दर पाच मिनिटांनी उघडले जाते आणि आत दूध, दही, श्रीखंड यांची दाटी असते. तेव्हा तुमच्या डब्याच्या गाभ्याने रात्रीचे बरेच तास जंतूंना आवडणाऱ्या तापमानात काढले असे मानायला हरकत नाही. सकाळी कडेचा आणि मधला चव एकत्र करून त्याचा रस काढला गेला, म्हणजे रसाची सुरुवातच बरेच जंतू घेऊन झाली.

त्यानंतरचे साडेसहा तास ओट्यावर गेले. खाद्यपदार्थ पाच ते साठ अंश सेल्सियस या टप्प्यात असला की त्यात जंतू वाढतात, आणि तीस ते चाळीस अंशांत ती वाढ सर्वांत वेगाने होते. नारळाच्या रसासारख्या पोषक द्रवात एवढ्या उष्म्याला जंतूंची संख्या अर्ध्या तासात दुप्पट होणे ही सामान्य गोष्ट आहे. पहिला एक तास त्यांना सरावायला लागला असे धरून सोडून दिला, तरी साडेसात ते एक हे साडेपाच तास उरतात. साडेपाच तासांत अकरा वेळा दुप्पट म्हणजे मूळ संख्येच्या २,०४८ पट. म्हणूनच शिजवलेल्या किंवा चिरलेल्या नाशवंत अन्नासाठी जो नियम सांगितला जातो, तोच इथे पाळायचा: फ्रिजबाहेर एकूण दोन तास, आणि हवा बत्तीस अंशांच्या वर असेल तर एकच तास. ‘एकूण’ या शब्दावर माझा भर आहे. खवताना गेलेला अर्धा तास, वाटताना गेलेला अर्धा तास आणि पंगतीत भांडे फिरते तो वेळ, हे सगळे त्याच हिशेबात येतात. फ्रिजमध्ये थोडा वेळ ठेवून पुन्हा बाहेर काढले म्हणून घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होत नाही.

कोमट पाण्याविषयीही दोन शब्द लिहिते, असे म्हणण्याऐवजी जरा सविस्तरच लिहिते, कारण ही सवय घरोघरी आहे. कोमट पाणी घालतात ते खोबऱ्यातला स्निग्धांश सुटावा म्हणून. खोबरेल चोवीस अंशांच्या आसपास विरघळते, हे थंडीत गोठणाऱ्या बाटलीवरून आपल्याला ठाऊक असते. मे महिन्यात माठाबाहेरचे साधे पाणीच तीस अंशांच्या जवळ असते. म्हणजे ताज्या खवलेल्या चवाला त्या दिवसांत वेगळे कोमट पाणी लागतच नाही. उकळून घरात झाकून निवू दिलेले पाणी पुरते. चव फ्रिजमधला असेल तर मात्र गरम पाणी हवे, कारण थंड चवातला स्निग्धांश घट्ट झालेला असतो आणि साध्या पाण्यात रस पांचट निघतो. अशा वेळी रस काढून होताच तो लगेच गार करायचा, कारण चाळीस अंशांचा कोमट रस म्हणजे दह्याच्या विरजणाला द्यावी तशीच ऊब असते.

पुढच्या कार्याला साठ पानांची सोलकढी करायची झाल्यास मी ती अशी करीन. नारळ आठ-दहा दिवस आधी आणून, सवडीने दोन बैठकींत खवून चव फ्रीझरमध्ये टाकीन. वाढवण्यापूर्वी प्रत्येक नारळ धुऊन पुसून घ्यावा, कारण काथ्याला चिकटलेली माती कोयत्याच्या घावाबरोबर थेट आत जाते. नारळाचे पाणी प्रत्येक वेळी वेगळ्या वाटीत घेऊन त्याचा वास पाहावा, आणि वाटीच्या आतल्या बाजूला पिवळट, तेलकट किंवा काळपट डाग दिसला तर तो नारळ बाजूला काढावा. चौदा चांगल्या नारळांत एक नासका मिसळला की सगळा घाणा वाया जातो, आणि एकाच परातीवर भराभर नारळ फोडण्याच्या घाईत हे हमखास घडते. खवणीवर बोट कापले तर ज्याचे कापले त्याने उठावे. जखमेतले आणि त्वचेवरचे स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू चवात गेले तर पुढे काय होते ते खाली येईलच.

दोन नारळांचा चव एका पिशवीत भरून, हवा काढून, पिशवी हाताने थापून बोटभर जाडीची चपटी करावी. चपटी पिशवी तास-दोन तासांत गोठू लागते, तर गोळा करून ठेवलेल्या पिशवीचा गाभा तुमच्या डब्यासारखाच कोमट राहतो. पिशव्या पहिल्या दिवशी एकमेकींवर रचू नयेत. गोठल्यावर हव्या तशा रचता येतात. पिशवीवर तारीख लिहावी. उणे अठरा अंशांच्या स्वतंत्र फ्रीझरमध्ये असा चव दोन-तीन महिने चांगला राहतो. एकदारी फ्रिजच्या वरच्या कप्प्यात मात्र एवढी थंडी नसते, त्यामुळे तिथे दोन-तीन आठवडे हीच मर्यादा मानावी.

कार्याच्या दिवशी रस सकाळी साडेसहाला काढायचे कारण नाही. दीडची पंगत असेल तर अकराला सुरुवात करावी. पिशवीतला गोठलेला चव तसाच मोडून मिक्सरमध्ये टाकावा आणि त्यावर उकळून जरा निवलेले गरम पाणी घालावे. गोठलेला चव आणि गरम पाणी मिळून आपोआप कोमट होतात आणि दाट रस निघतो. मिक्सरच्या पात्याखालची रबरी चकती आदल्या दिवशी काढून धुवावी, कारण मागच्या वाटणाचे अवशेष तिथेच कुजत असतात. गाळायचा पंचा त्याच सकाळी उकळत्या पाण्यातून काढलेला असावा. ओट्याच्या कोपऱ्यात दमट पडलेला कालचा पंचा पुन्हा वापरला तर बाकीची सारी काळजी फुकट जाते.

रस एका मोठ्या पातेल्यात साठवू नये. दोन-दोन लिटरच्या स्टीलच्या बरण्यांत किंवा किटल्यांत भरून त्या बर्फाच्या टबात मानेपर्यंत बुडवाव्यात आणि पहिली वीस मिनिटे अधूनमधून ढवळाव्यात. टबातल्या बर्फात मूठ-दोन मुठी जाडे मीठ टाकले तर थंडी वाढते. बाजारातला लादीचा बर्फ बरणीबाहेरच राहू द्यावा, तो रसात पडता कामा नये. साठ पानांना प्रत्येकी दीडशे मिलिलिटर धरले तर नऊ लिटर कढी लागते, म्हणजे पाच किटल्या. पंगतीत एक-एक किटली बाहेर काढावी आणि तीत उरलेली कढी पुढच्या किटलीत ओतू नये.

आगळ आणि मीठ उशिरा घालण्याची तुमची रीत मी उलटी करीन. आमसुलाच्या आंबटपणामुळे जंतूंची वाढ मंदावते, म्हणून रस थंड झाला की लगेच आगळ व मीठ घालावे. लसूण, मिरची आणि कोथिंबीर मात्र कच्ची असते आणि आपले जंतू घेऊन येते, म्हणून ते वाटण वाढण्याच्या अर्धा तास आधीच मिसळावे. आगळ घातली म्हणजे कढी बाहेर ठेवायला मोकळीक मिळाली, असे मात्र समजू नये. आंबटात वाढणारे यीस्ट आणि दही लावणाऱ्या जंतूंचे भाऊबंद तिथेही रमतात.

एक गफलत इथे टाळायला हवी. थंड रस तासाभराने पाहिला की वर पांढरा जाड थर आणि खाली पाणचट द्रव दिसतो, आणि पुष्कळ जणी तो नासला म्हणून टाकून देतात. तो स्निग्धांश वर आलेला असतो, ढवळला की पूर्ववत होतो. फ्रिजमध्ये तो थर घट्ट वडीसारखा होतो, तेही स्वाभाविक आहे. आगळीमुळे बारीक कण फुटल्यासारखे दिसणे हेही नासणे नव्हे. नासलेल्या रसाच्या खुणा वेगळ्या आहेत: नाकाला आंबूस किंवा दारूसारखा वास, कडेने बारीक बुडबुडे, झाकण उघडताना सुटणारी हवा, आणि पळीने उचलला असता सुटणारी तार. चवाच्या बाबतीत हाताला बुळबुळीत लागणे ही पहिली खूण, आणि जिभेला साबणासारखी लागणारी चव ही दुसरी. खोबऱ्यातल्या स्निग्धांशाचा जवळजवळ निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो. जंतूंची पाचकद्रव्ये ते आम्ल मोकळे करतात, आणि साबणाची आठवण होते ती त्याच्यामुळे. मराठीत तो चव बिघडला की ती चवही जाते, हे भाषेनेच करून ठेवलेले आहे.

आता सासूबाईंच्या म्हणण्याविषयी. त्यांच्या काळात चव साठवलाच जात नव्हता. वाटणापुरता नारळ त्याच वेळी विळीवर खवायचा आणि उरलेली वाटी संध्याकाळच्या आत संपवायची, अशी रीत होती. त्यामुळे उकळला की चालतो हा त्यांचा अनुभव काही तास जुन्या खोबऱ्याचा आहे, तिसऱ्या दिवशीच्या गुलाबी चवाचा नाही. गुलाबी, नारिंगी किंवा पिवळा रंग हा रंगद्रव्य तयार करणाऱ्या जंतूंचा किंवा यीस्टचा असतो, आणि त्यांतले काही फ्रिजच्या थंडीतही सावकाश वाढतात. रंग कडेला दिसला तरी वाढ आतपर्यंत पोहोचलेली असू शकते, म्हणून रंगीत भाग काढून बाकीचा वापरणे बरोबर नाही. उकळल्याने बहुतेक जंतू मरतात हे खरे, परंतु काहींनी आधीच तयार करून ठेवलेले विष उकळल्याने जात नाही. बोटाच्या जखमेतून येणाऱ्या ज्या स्टॅफिलोकॉकसचा उल्लेख वर केला, त्याचे विष असेच उष्णतेला दाद देत नाही आणि खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या सुरू होतात. इंडोनेशियात खोबऱ्याच्या चोथ्यापासून तेंपे बोंग्क्रेक नावाचा आंबवलेला पदार्थ करीत असत. त्यात एका विशिष्ट जंतूचे विष तयार होऊन इतकी माणसे दगावली की १९८८ मध्ये सरकारने त्याच्या उत्पादनावर बंदी घातली. ते विषही शिजवून नष्ट होत नाही. तुमच्या डब्यात ते होते असे मला मुळीच म्हणायचे नाही. नासलेल्या खोबऱ्याला उकळी हा उतारा नाही, एवढेच त्यावरून कळते. सासूबाईंना हे सांगताना खोबरे वाया गेल्याची हळहळ मात्र तुम्हीही व्यक्त करावी. नारळाचे आजचे भाव पाहता ती खोटी ठरणार नाही.

ताज्या मालाला उष्णता देणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे आणि उपयोगी आहे. आमटी, कालवण किंवा खीर यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी रस लागणार असेल, तर काढल्या काढल्या तो मंद आचेवर सतत ढवळत, वाफा येऊन कडेला बारीक बुडबुडे दिसेपर्यंत तापवावा आणि तशीच आच दहा-पंधरा मिनिटे राखावी. खळखळून उकळला तर प्रथिने गोठून रस फुटतो. मग भांडे थंड पाण्यात ठेवून निववावे आणि फ्रिजमध्ये ठेवावे. असा रस दोन दिवस जातो, कच्चा रस एक दिवस. सोलकढीला तापवलेल्या रसाची चव मला पसंत नाही, म्हणून तिथे मी हा मार्ग सुचवलेला नाही. खवलेला चव फ्रिजच्या मागच्या, जास्त थंड भागात उथळ डब्यात दोन दिवस, फार तर तीन. दारातल्या कप्प्यात तो ठेवूच नये. विकतचा डबाबंद रस उघडेपर्यंत टिकाऊ असतो, उघडल्यावर त्याला ताज्या रसाचेच नियम लागू होतात.

फ्रीझरविषयी एक गैरसमज राहू नये. गोठवल्याने जंतूंची वाढ थांबते, ते मरत नाहीत. १९९१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात काही जणांना कॉलरा झाला, आणि त्याचा माग थायलंडहून आलेल्या गोठवलेल्या नारळाच्या दुधापर्यंत लागला. समुद्रापार गोठून आलेले जंतू वितळल्यावर पुन्हा कामाला लागले होते. म्हणून फ्रीझरमध्ये जाणारा चव मुळात स्वच्छ असायला हवा, उतरणीला लागलेला चव वाचवायची ती जागा नव्हे. वितळवायचा तोही ओट्यावर नव्हे, रात्रभर फ्रिजमध्ये.

तुमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडाला वीज जाते, म्हणून तेवढे सांगून ठेवते. दार न उघडल्यास खालचा फ्रिज सुमारे चार तास पुरेसा थंड राहतो. गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवस आणि अर्धा भरलेला एक दिवस तग धरतो. गावाला जाताना एका वाटीत पाणी गोठवून त्या बर्फावर एक नाणे ठेवावे आणि वाटी पिशव्यांशेजारी ठेवून जावे. परत आल्यावर नाणे वरच असेल तर चव वापरता येईल. नाणे वाटीच्या तळाशी जाऊन पुन्हा बर्फात रुतलेले दिसले, तर मधल्या काळात सगळे वितळून नंतर पुन्हा गोठलेले आहे. त्या पिशव्या बाहेरून कितीही टणक आणि पांढऱ्याशुभ्र दिसल्या तरी त्या टाकून द्याव्यात.